ऑनलाइन कुर्ता घेताना साइज कशी ठरवावी

इंदूरच्या शीतलामाता बाजारात किंवा राजवाड्याच्या आसपास कुर्ता घेताना साइजच्या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही. दुकानदार कुर्ता उलगडून समोर पसरतो, आपण तो खांद्याला लावून बघतो, कापड बोटांत चोळून बघतो आणि अंदाज बांधतो. मोबाइलवर यातलं काहीच करता येत नाही. तिथे आपल्या हाती तीनच गोष्टी असतात: मापांचा तक्ता, कापडाची माहिती आणि आधी घेतलेल्यांनी टाकलेले फोटो. या तिन्ही गोष्टी खरं सांगतात, पण प्रत्येक गोष्ट अर्धंच सांगते, म्हणून त्या एकत्र वाचाव्या लागतात.

इथे एकच कपडा घेऊ या: बायकांचा सुती, सरळ शिलाईचा, दोन्ही बाजूंना कट असलेला कुर्ता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सर्वात जास्त वापरला जाणारा हाच, आणि साइज चुकली की परत पाठवावा लागणाराही हाच. याचं गणित एकदा बसलं की बाकीचे कपडे अवघड जात नाहीत.

अंगाचं माप आणि कपड्याचं माप

बहुतेक चुका एका गोंधळातून होतात. तक्त्यात छातीपुढे ४० लिहिलेलं असतं. हे ४० इंच तुमच्या अंगाचं माप आहे की कुर्त्याचं? अंग ४० असेल आणि कुर्ताही बरोबर ४० असेल, तर तो अंगात जाईल, पण हात वर करता येणार नाही आणि खाली बसलात की काखेजवळ ताणेल. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्यात छातीला अंगापेक्षा साधारण २ ते ४ इंच जास्त लागतात. टेलर याला लूज म्हणतात. २ इंच लूज म्हणजे अंगाबरोबर बसणारा कुर्ता, ३ म्हणजे रोजच्या वापराचा, ४ आणि पुढे म्हणजे मोकळा.

काही ठिकाणी तक्त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. To Fit Bust असं असेल तर ते अंगाचं माप, Garment Bust असं असेल तर कुर्त्याचं. कधी एकाच पानावर दोन तक्ते असतात आणि वरच्या बटणाने एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. तेव्हा दोन्ही उघडून बघा. पण पुष्कळदा नुसतं Bust एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी छाती आणि कंबर या दोन आकड्यांमधला फरक बघा. माणसाच्या अंगात छाती आणि कंबर यांत बऱ्यापैकी अंतर असतं, म्हणून अंगाच्या तक्त्यात छाती ३८ ला कंबर ३२ किंवा ३३ दिसते. सरळ कुर्ता मात्र कमरेत फारसा आत घेतलेला नसतो, त्यामुळे कपड्याच्या तक्त्यात छाती ४० ला कंबर ३८ अशी जोडी दिसते. फरक पाच-सहा इंचांचा असेल तर ते अंगाचं माप, दोन इंचांच्या आसपास असेल तर कपड्याचं. दुसरी खूण म्हणजे त्याच तक्त्यात शोल्डर आणि लांबीही दिलेली असेल, तर तो तक्ता बहुधा कपड्याचा असतो, कारण कुर्त्याची लांबी हे काही अंगाचं माप नव्हे.

आणखी एक घोळ M, L, XL या अक्षरांच्या शेजारी येणाऱ्या आकड्याचा. कुणी L ला ४० म्हणतं आणि त्याचा अर्थ ४० इंच छातीच्या बाईला बसेल असा असतो. दुसऱ्या विक्रेत्याच्या L-४० मध्ये कुर्ताच ४० इंचांचा असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण सगळ्यांनी पाळायलाच हवा असा एकच भारतीय तक्ता बाजारात रूढ झालेला नाही. निफ्ट या संस्थेने भारतीय अंगमापांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं ते याच कारणाने. म्हणून अक्षरावर विसंबू नका. एका ठिकाणी तुम्हाला L बसतो याचा अर्थ दुसऱ्या ठिकाणीही L बसेल असा होत नाही.

आधी घरचा कुर्ता मोजा

अंग मोजण्याआधी कपाटातला तुमचा सर्वात छान बसणारा कुर्ता काढा. तो अनेकदा धुतलेला असावा, त्याचं कापड न ताणणारं असावं आणि तो सरळ शिलाईचाच असावा. अंगाचं माप घेताना श्वास, टेपची ढिलाई आणि आतले कपडे या सगळ्यांमुळे अर्धा-एक इंच इकडेतिकडे होतो. सपाट पसरलेला कुर्ता मात्र मोजायला हलत नाही, आणि तुम्हाला किती लूज आवडतं ते त्यात आधीच आलेलं असतं. साइज ठरवण्यासाठी यापेक्षा खात्रीचं साधन नाही.

कुर्ता इस्त्री करून पलंगावर नाही, तर फरशीवर किंवा टेबलावर पसरा, कारण गादीत कापड दबतं. बटणं लावा, सुरकुत्या काढा, पण ओढू नका. काखेच्या शिवणीपासून एक इंच खाली, या बाजूच्या शिवणीपासून त्या बाजूच्या शिवणीपर्यंत टेप ठेवा. येईल त्या आकड्याची दुप्पट म्हणजे कुर्त्याची छाती. तक्त्यात कधी कधी हीच अर्धी रुंदी दिलेली असते, तेव्हा छाती २०-२१ अशी दिसते. ती बघून दचकू नका, दुप्पट करा. त्यानंतर दोन्ही कट जिथे सुरू होतात त्या ओळीवर रुंदी मोजा आणि दुप्पट करा. शोल्डर म्हणजे मागच्या बाजूने एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंतचं अंतर. लांबी गळ्याजवळच्या खांद्याच्या सर्वात उंच जागेपासून सरळ खाली शेवटच्या दुमडीपर्यंत घ्या. गळ्याच्या मधोमधपासून मोजली तर ती दोन-तीन इंच कमी येते, आणि मग नवीन कुर्ता उगाच लांब वाटतो.

बाही दंडावर रुतते अशी तक्रार असेल, तर काखेखाली बाहीची रुंदीही मोजून ठेवा. हे माप बहुतेक तक्त्यांत नसतं. विक्रेत्याला प्रश्न विचारायची सोय असेल तर नेमकं हेच विचारा: L साइजच्या बाहीचा काखेखालचा घेर किती?

अंगाची मापंही लिहून ठेवा, म्हणजे To Fit चा तक्ता आला तर ती लागतील. रोज वापरता तीच ब्रा घालून, छातीच्या सर्वात भरलेल्या जागेवरून, टेप पाठीवर खाली न घसरता सगळीकडे जमिनीला समांतर राहील असा धरा. हे एकटीने नीट होत नाही, घरातल्या कुणाची तरी मदत घ्या. सीट म्हणजे कुल्ह्यांच्या सर्वात रुंद जागेचं माप. टेप कमरेवर ठेवून काम भागत नाही, ती रुंद जागा कमरेपासून साधारण सात ते नऊ इंच खाली असते. एक बारकी गोष्ट: जुना कापडी टेप वापरून ताणला जातो. शाळेच्या स्टीलच्या पट्टीला लावून १२ इंच बरोबर येतात का ते बघा. पाव इंचाचा फरक ४० इंचांपर्यंत पाऊण इंचावर जातो.

कापडाची ओळ नुसती वाचून सोडू नका

Pure Cotton हे शब्द वाचून पुष्कळजण पुढे जातात. खरं तर त्या ओळीवरून दोन गोष्टी ठरवायच्या असतात: धुतल्यावर कापड किती आटेल आणि घातल्यावर किती ताणेल.

सुती कापड मागावर विणताना उभे धागे ताणलेले असतात. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो, म्हणून कुर्ता रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो. आधी आटवून न घेतलेलं कापड असेल तर लांबीत ३ ते ५ टक्के आणि रुंदीत १ ते ३ टक्के धरून चाला. टक्केवारी कमी वाटते, पण ४६ इंच लांबीचा कुर्ता ४ टक्के आटला की जवळजवळ पावणेदोन इंच जातात, आणि गुडघ्याखाली येणारा कुर्ता गुडघ्यावर येतो. Pre-shrunk किंवा Sanforised लिहिलेलं असेल तर हे प्रमाण बरंच खाली येतं. काहीच लिहिलेलं नसेल तर कापड आटणार असं समजूनच साइज घ्या. बहुतेक वेळा आटणं पहिल्या एक-दोन धुण्यांतच होऊन जातं, म्हणून घरच्या जुन्या कुर्त्याचं माप हे आटल्यानंतरचं माप असतं. नवीन कुर्त्याचा आकडा त्याच्याशी लावण्याआधी त्यातून आटणं वजा करायला हवं. ही एक वजाबाकी राहून जाते आणि पहिल्या दिवशी छान बसलेला कुर्ता महिन्याभरात काखेत काचू लागतो.

आपल्या जवळच्या कापडांचं थोडं वेगळं आहे. धार जिल्ह्यातल्या बाघचं खरं ठसेकाम असलेलं सुती कापड छापण्याच्या आधी आणि नंतर पुष्कळ वेळा पाण्यातून जातं, भट्टीत उकळतंही. त्यामुळे त्याचं आटणं बरंचसं तिथेच होऊन गेलेलं असतं. पण पानावर बाघ प्रिंट लिहिलेलं आणि खाली कापड रेयॉन असं असेल, तर ती फक्त नक्षीची नक्कल असते आणि तिला हा फायदा नसतो. रेयॉन अंगावर सुरेख पडतो, पण धुतल्यावर तोही आटतो, आणि ओला असताना कमजोर असल्याने पिळून वाळत टाकला तर आकार बिघडतो. रेयॉनच्या कुर्त्यालाही लांबीची तीच सूट ठेवा.

महेश्वरी आणि चंदेरीत काळजी वेगळी. रेशीम आणि सूत मिळून विणलेलं हे कापड हलकं असतं, आणि घट्ट बसलं की शिवणीजवळचे धागे सरकून जाळी पडते. सीटवर आणि पाठीला हे आधी दिसतं. अशा कुर्त्यात किमान ३ इंच लूज असू द्या. आत अस्तर असेल तर अस्तर कशाचं आहे ते बघा. अस्तर सुती आणि वरचं कापड न आटणारं असेल, तर धुतल्यावर अस्तर आखडतं आणि वरचं कापड शिवणींवर चुरगळून बसतं. त्यानंतर इस्त्रीनेही ते सरळ होत नाही. असा कुर्ता ड्रायक्लीनच करावा, नाहीतर घेऊ नये.

लायक्रा किंवा इलास्टेन २ ते ५ टक्के असेल तर कापड थोडं ताणतं आणि एखाद इंच कमी लूज चालतं. पण त्यावर साइज उतरवू नका. ताणणारं कापड घट्ट बसलं की पोटाची आणि ब्राची प्रत्येक रेघ दाखवतं.

कापडाचं वजन दिलेलं असेल तर तेही कामाला येतं. पांढरा किंवा फिका रंग आणि पातळ मलमल असेल तर आत शमीज लागणार, आणि तिची जाडी म्हणजे छातीत पाव-अर्धा इंच गेला असं धरा.

फोटोत नेमकं काय बघायचं

मॉडेलच्या फोटोवरून बसण्याचा अंदाज बांधू नये. चित्रीकरणात कपडा मागून पिना किंवा चिमटे लावून आवळलेला असू शकतो, आणि तो भाग कॅमेऱ्यासमोर येत नाही. मॉडेलच्या फोटोचा एकच खरा उपयोग आहे: खाली तिची उंची आणि तिने घातलेली साइज दिलेली असते. मॉडेल ५ फूट ८ इंचांची असेल आणि कुर्ता तिच्या गुडघ्याच्या जरा खाली येत असेल, तर ५ फूट २ इंचांच्या बाईला तोच कुर्ता पोटरीच्या मध्यापर्यंत येईल.

घेतलेल्या लोकांनी स्वतः टाकलेले फोटो मात्र सावकाश बघावेत. आधी तारीख बघा आणि अलीकडचे घ्या, कारण तोच कुर्ता पुढच्या खेपेला दुसऱ्या कारखान्यात शिवून येऊ शकतो. मग रंग बघा. एकाच पानावर आठ रंगांचे अभिप्राय एकत्र असतात आणि सगळ्या रंगांचं कापड सारखंच असेल असं नाही. तुम्हाला हवा असलेल्या रंगाचेच फोटो वेगळे करा.

आता शिवणींकडे या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली आहे की दंडावर उतरली आहे? दंडावर उतरली असेल तर शोल्डर मोठं. छातीच्या टोकापासून काखेकडे जाणाऱ्या आडव्या-तिरप्या ताणाच्या रेषा दिसल्या तर छाती अपुरी. काखेखाली उभ्या, मऊ घड्या पडल्या असतील तर कुर्ता मोठा. आणि सर्वात बोलकी जागा म्हणजे बाजूचा कट. सीट पुरेशी असेल तर कटाच्या दोन्ही पट्ट्या सरळ खाली पडतात. अपुरी असेल तर कट वरच्या टोकापासूनच उलट्या V सारखा फाकतो आणि आतली लेगिंग वरपर्यंत दिसते. नुसता समोरून काढलेला फोटो यात काही सांगत नाही. बाजूने किंवा तिरपं उभं राहून काढलेला एक फोटो दहा समोरच्या फोटोंपेक्षा जास्त कामाचा.

आरशातले फोटो जपून वाचा. मोबाइल धरलेल्या हातामुळे तो खांदा वर चढतो आणि कुर्ता त्या बाजूला ओढला जातो, म्हणून दुसऱ्या खांद्याकडे बघा. वरून खाली काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात, त्यामुळे कुर्ता किती लांब आहे हे नजरेने मोजू नका. शेवटची दुमड त्या बाईच्या गुडघ्याच्या कुठे येते एवढंच बघा. कोन कसाही असला तरी ती खूण बदलत नाही.

अभिप्रायात उंची, वजन आणि घेतलेली साइज तिन्ही असतील तर तो अभिप्राय जपून ठेवण्यासारखा. पण तेवढ्याच उंचीच्या आणि वजनाच्या दोन बायकांची सीट दोन-तीन इंचांनी वेगळी असू शकते, म्हणून आकडे जुळले तरी फोटोतली ठेवण आपल्यासारखी आहे का ते बघाच. नुसतं साइज परफेक्ट, छान बसला असं लिहिलेलं असेल तर त्यातून काही कळत नाही. अभिप्रायांत शोधायची सोय असेल तर wash, shrink, tight असे शब्द टाकून बघा. धुतल्यानंतरचं जे कुणी लिहितं, त्या चार ओळींना पहिल्या दिवशीच्या चाळीस ओळींपेक्षा जास्त किंमत द्या.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, सुदामा नगरात राहणाऱ्या एका ताईंना गणपतीसाठी सुती कुर्ता हवा आहे. उंची ५ फूट २ इंच. अंगाची मापं: छाती ३७.५, कंबर ३३, सीट ४१. घरचा चांगला बसणारा कुर्ता सपाट मोजला तर अर्धी छाती २०.२५ येते, म्हणजे कुर्त्याची छाती ४०.५. कटाच्या ओळीवर घेर ४३, शोल्डर १४.७५, लांबी ४४.

पानावरचा तक्ता असा आहे: M ची छाती ४०, कंबर ३८, सीट ४२, शोल्डर १४.५. L ची छाती ४२, कंबर ४०, सीट ४४, शोल्डर १५. दोन्हींची लांबी ४६. तक्त्यावर फक्त Bust लिहिलेलं आहे, आणि वर साइज निवडायच्या चौकोनात M च्या शेजारी ३८ दिसतं.

इथेच फसायला होतं. ताईंची छाती ३७.५, चौकोनात M-३८, म्हणजे M बरोबर, असं वाटतं. आता तक्ता वाचू. छाती आणि कंबर यांत २ इंचांचाच फरक आहे, शोल्डर आणि लांबीही दिली आहे. म्हणजे हा कपड्याचा तक्ता, आणि चौकोनातला ३८ हा अंगाचा आकडा. विक्रेत्याने M मध्ये २ इंच लूज धरलं आहे.

कापड सुती कॅम्ब्रिक, आधी आटवल्याचा उल्लेख नाही. रुंदीत २ टक्के आटणं धरू. M ची छाती ४० वरून ३९.२ होते, म्हणजे अंगावर १.७ इंच लूज उरतं. ताईंच्या आवडीच्या कुर्त्यात ते ३ इंच आहे. L ची छाती ४२ वरून साधारण ४१.२ होते, लूज ३.७. छातीपुरतं बघितलं तर L जवळचा आहे, पण M अगदीच अशक्य नाही.

निर्णय सीट देते. M ची सीट ४२ वरून ४१.२ वर येते आणि ताईंची सीट ४१ आहे. म्हणजे दोन धुण्यांनंतर तिथे जागाच उरत नाही, आरतीला खाली बसल्या की कट फाकणार आणि कटाच्या टोकाची शिवण उसवणार. L ची सीट ४४ वरून साधारण ४३.१ होते, घरच्या कुर्त्याच्या ४३ शी जवळजवळ जुळते. शोल्डर १५, घरच्यापेक्षा पाव इंच जास्त, चालेल. लांबी ४६ मधून ४ टक्के वजा केले की ४४.२, हवी तेवढीच. साइज L.

L ची कंबर ताईंना सैल होईल हे खरं आहे. पण अंगाच्या वेगवेगळ्या जागा वेगवेगळी साइज मागत असतील तेव्हा नेहमी मोठी जागा बसवून घ्यायची आणि बाकीचं आत घ्यायचं. बाजूच्या शिवणी आत घेणं हे गल्लीतल्या कुठल्याही टेलरचं थोड्या वेळाचं काम आहे. उलट दिशेने ते होत नाही, कारण तयार कुर्त्याच्या आत बहुधा इंटरलॉकची अर्धा-पाऊण इंचाची पट्टीच असते, सोडायला कापड नसतं. काही विक्रेते आत दीड-दोन इंच मार्जिन ठेवतात आणि तसं लिहितात. ते असेल तर मोठा फायदा. शोल्डर मात्र बदलायला गेलं की बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, परत कापावा लागतो, आणि मुंढा एकदा खोल कापला की वर चढवता येत नाही. म्हणून दोन साइजमध्ये अडकलात तर शोल्डर आणि सीट यांच्याकडे बघून ठरवा, कमरेकडे बघून नाही.

आत घ्यायला देताना एक गोष्ट पाळा: आधी कुर्ता धुवा, मग टेलरकडे द्या. न धुता आत घेतलेला कुर्ता धुतल्यावर आणखी आत जातो.

पार्सल आल्यावर

टॅग काढण्याआधी टेप घ्या. वर सांगितल्याप्रमाणे कुर्ता सपाट पसरून छाती, कटाची ओळ, शोल्डर आणि लांबी मोजा, आणि तक्त्याशी लावून बघा. कापड थरावर थर रचून एकदम कापलं जातं, त्यामुळे एकाच साइजच्या दोन कुर्त्यांत अर्धा इंच इकडेतिकडे होऊ शकतं. अर्ध्या इंचाचा फरक सोडून द्या. एक इंचापेक्षा जास्त असेल तर टेप ठेवलेल्या कुर्त्याचा फोटो काढून ठेवा. परत पाठवताना हे छोटं आहे असं लिहिण्यापेक्षा तक्त्यात छाती ४२, प्रत्यक्षात ४०.५ असं लिहिलं की वाद होत नाही. लेबलवर छापलेली साइज आणि पिशवीवरची साइज एकच आहे का तेही बघा. पिशवी बदलून गेल्याने M च्या जागी L आलेला असतो आणि दोष तक्त्याला दिला जातो.

मग घालून बघा. डिओ किंवा पावडर लावलेली नसावी, कारण डाग लागला की परत घेत नाहीत. दोन्ही हात समोर आणा, जणू स्कूटीचं हँडल धरलं आहे. पाठीत ताण जाणवला तर छाती किंवा मुंढा कमी आहे. हात वर करा, जमिनीवर मांडी घालून बसा, उठा, आणि बाजूने आरशात कट बघा. नुसतं सरळ उभं राहून बघितलेला कुर्ता पुढे दगा देतो. आज जेमतेम बसत असेल तर तो आटल्यावर बसणार नाही, म्हणून ठेवायचा की नाही हे घरच्या जुन्या कुर्त्याच्या आकड्यांशी लावून ठरवा. परत करायची मुदत ऑर्डरच्या पानावर बघून घ्या आणि त्या मुदतीत कुर्ता पाण्याला लागू देऊ नका. सणासाठी घेत असाल तर बदलून येणं, धुणं आणि टेलर या तिन्हींसाठी मिळून तीन आठवडे हाताशी ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला जायच्या आठवड्यात टेलरही मोकळे नसतात.

दुसऱ्या कपड्यांना हेच गणित लावताना थोडंच बदलतं. ए-लाइन किंवा अनारकलीत सीट बघायची गरज नाही, छाती आणि शोल्डर एवढंच बघा. होजिअरीच्या टी-शर्टला अंगापेक्षा एखाद इंच जास्त असलं तरी पुरतं, आणि लेगिंग तर अंगापेक्षा लहानच असते, ती ताणूनच बसते. पुरुषांच्या पुष्कळशा फॉर्मल शर्टांवरचा ३९, ४०, ४२ हा आकडा छातीचा नसून कॉलरचा असतो, तोही सेंटिमीटरमध्ये, म्हणून बाबांची छाती ४२ इंच आहे एवढ्यावर ४२ चा शर्ट मागवू नका. त्यांच्या नीट बसणाऱ्या शर्टाची कॉलर बटणाच्या मध्यापासून काजाच्या दूरच्या टोकापर्यंत मोजा आणि इंचांना २.५४ ने गुणा.